मिओसिसची चित्रं क्रमाने लावताना गोंधळ होतो? चुकीचं चित्र असं ओळखा

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी अकरावी-बारावीची मुलं बायोलॉजीसाठी येतात. कुणी एमपी बोर्डाचं, कुणी सीबीएसईचं, बरीचशी नीटच्या तयारीतली. पेशी विभाजनाच्या धड्यात जवळजवळ प्रत्येकाची गाडी एकाच जागी अडते. प्रोफेज, मेटाफेज, ॲनाफेज, टेलोफेज तोंडपाठ असतं. लेप्टोटीनपासून डायकायनेसिसपर्यंतची साखळीही घडाघडा म्हणतात. पण सहा चित्रं उलटसुलट मांडून ‘क्रम लावा आणि यातलं कोणतं चित्र चुकीचं आहे ते सांगा’ असं विचारलं की पेन थांबतं. उत्तर चुकलं की मुलं पुन्हा धडा वाचतात, आणि पुढच्या चाचणीत पुन्हा तिथेच चुकतात. धडा वाचून हे सुटत नाही, कारण अडचण धड्यात नसून चित्र बघण्याच्या सवयीत आहे.

मुलं चित्राचा चेहरा लक्षात ठेवतात. मधोमध रांग दिसली की मेटाफेज, दोन गट लांब जाताना दिसले की ॲनाफेज. पुस्तकात चित्राखाली नाव छापलेलं असतं तोवर हे चालून जातं. नाव काढलं की चालत नाही, कारण मधोमध रांग तीन ठिकाणी येते: मायटोसिसच्या मेटाफेजमध्ये, मिओसिसच्या पहिल्या मेटाफेजमध्ये आणि दुसऱ्याही. दोन गट लांब जाण्याचंही तसंच. चेहरा एकच आणि माणसं तीन, अशा वेळी नुसतं बघून ओळख पटत नाही, मोजावं लागतं.

प्रत्येक चित्राखाली पेन्सिलीने तीन गोष्टी लिहायच्या, आणि त्या लिहून होईपर्यंत अवस्थेचं नाव मनातसुद्धा आणायचं नाही.

पहिली गोष्ट, चित्रात सेंट्रोमियर किती आहेत. गुणसूत्रांची संख्या म्हणजे सेंट्रोमियरची संख्या, पेडांची नाही. एक्ससारखं दिसणारं गुणसूत्र एकच मोजायचं, त्याला दोन क्रोमॅटिड असले तरी. एस अवस्थेत डीएनए दुप्पट होतो, पण सेंट्रोमियरपाशी दोन्ही क्रोमॅटिड जोडलेले राहतात, म्हणून गुणसूत्रांची संख्या वाढत नाही. ती वाढते सेंट्रोमियर दुभंगल्यावर.

दुसरी गोष्ट, गुणसूत्र दुपेडी आहे की एकपेडी. म्हणजे प्रत्येकाला दोन क्रोमॅटिड आहेत की एक.

तिसरी गोष्ट, कोण कोणाबरोबर आहे. समजात जोडीतले दोघे एकमेकांना चिकटलेले आहेत, समोरासमोर आहेत, वेगवेगळ्या ध्रुवांकडे निघालेत, की त्या पेशीत जोडीतलं एकच उरलं आहे? मुलं हाच प्रश्न सोडून देतात, आणि पेपर काढणारा चुकीचं चित्र बहुतेक वेळा इथेच लपवतो.

आता एक प्रश्न पूर्ण सोडवून बघू. पेशी 2n = 4 ची आहे, म्हणजे दोन जोड्या. एक जोडी लांब, एक आखूड. प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र लाल आणि एक निळं. चित्रं सहा आहेत आणि क्रम मुद्दाम मोडलेला आहे. जागा वाचवायला काही चित्रांत दोन पेशींपैकी एकच काढली आहे. पेपरात असं सर्रास करतात.

चित्र क: एक पेशी. मध्यरेषेवर दोन दुपेडी गुणसूत्रं, एक लांब लाल, एक आखूड निळं. लांब गुणसूत्राच्या एका क्रोमॅटिडचं टोक निळं आहे.

चित्र ख: एक पेशी, केंद्रकपटल तुटक रेषेने दाखवलेलं. लांब लाल आणि लांब निळं एकमेकांत अडकलेलं, त्यांच्या एकेका क्रोमॅटिडची टोकं अदलाबदल झालेली. आखूड जोडीही शेजारी शेजारी.

चित्र ग: एक पेशी, दोन गट दूर जाताना. वरच्या गटात दोन दुपेडी गुणसूत्रं, लांब लाल आणि लांब निळं. खालच्या गटातही दोन दुपेडी, आखूड लाल आणि आखूड निळं.

चित्र घ: एक पेशी. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना जोड्या समोरासमोर, लांबसमोर लांब, आखूडसमोर आखूड. सगळी दुपेडी.

चित्र च: चार केंद्रकं. प्रत्येकात एक लांब आणि एक आखूड, दोन्ही एकपेडी.

चित्र छ: एक पेशी, दोन गट दूर जाताना. एका ध्रुवाकडे एक लांब आणि एक आखूड, दुसऱ्याकडेही तसंच. सगळी एकपेडी. एका बाजूचं लांब गुणसूत्र पूर्ण लाल, दुसऱ्या बाजूचं लाल पण टोकाला निळं.

माझ्याकडच्या अकरावीतल्या एका मुलीने या प्रश्नात ख नंतर लगेच क लावलं होतं आणि चुकीचं चित्र म्हणून छ वर फुली मारली होती. मी कारण विचारलं.

“काकू, क मध्ये एकेरी रांग आहे ना, म्हणून आधी ते. मग घ मध्ये दुहेरी रांग होते.”

“आणि छ का चुकीचं?”

“सिस्टर क्रोमॅटिड एकसारखे असतात. इथे एक पूर्ण लाल आणि एकाचं टोक निळं. असं कसं होईल?”

“आणि ग?”

“ग बरोबर आहे. वर दोन, खाली दोन, दुपेडी. ॲनाफेज एक.”

तिचं बोलणं नीट बघण्यासारखं आहे, कारण तिला धडा येत होता. दुपेडी गुणसूत्रं ध्रुवाकडे निघाली म्हणजे ॲनाफेज एक, हे तिने अचूक ओळखलं. सिस्टर क्रोमॅटिड सारखे असतात हेही तिला माहीत होतं. तरी तिन्ही निष्कर्ष चुकले. मी तिला तिन्ही गोष्टी चित्राखाली लिहायला लावल्या.

क खाली आलं: सेंट्रोमियर दोन, दुपेडी, जोडीदार गैरहजर. इथे ती स्वतःच थांबली. सुरुवातीच्या पेशीत चार गुणसूत्रं आणि क मध्ये दोनच, म्हणजे संख्या आधीच निम्मी झालेली आहे. निम्मी होण्याचं काम ॲनाफेज एकमध्ये होतं, म्हणून क त्याच्या आधी येऊच शकत नाही. तो मेटाफेज दोन आहे. रांग एकेरी की दुहेरी हे बघण्याआधी मोजलं असतं, तर क सुरुवातीलाच बाजूला पडला असता.

घ खाली: सेंट्रोमियर चार, दुपेडी, जोडीदार समोरासमोर. मेटाफेज एक. ख खाली: चार, दुपेडी, जोडीदार अडकलेले, केंद्रकपटल विरत चाललेलं. प्रोफेज एकचा शेवट, म्हणजे डायकायनेसिस. च खाली: प्रत्येक केंद्रकात दोन, एकपेडी, जोडीदार नाही. टेलोफेज दोन.

आता ग आणि छ. दोन्हींत सेंट्रोमियर चार, दोन्हींत दोन गट, वर दोन, खाली दोन. चेहरा अगदी सारखा. फरक दुसऱ्या ओळीत पडतो: ग मध्ये दुपेडी, छ मध्ये एकपेडी. म्हणून ग हा ॲनाफेज एक आणि छ हा ॲनाफेज दोन. क्रम लागला: ख, घ, ग, क, छ, च.

यामागचं कारण माहीत असलं की हा फरक पाठ करावा लागत नाही. सिस्टर क्रोमॅटिडना एकत्र बांधून ठेवणारं प्रथिन म्हणजे कोहेसिन. ॲनाफेज एकमध्ये गुणसूत्रांच्या भुजांवरचं कोहेसिन तुटतं, त्यामुळे अडकलेले जोडीदार सुटतात. सेंट्रोमियरपाशी असलेलं कोहेसिन मात्र शुगोशिन नावाच्या प्रथिनामुळे शाबूत राहतं, म्हणून गुणसूत्र दुपेडीच्या दुपेडी ध्रुवाकडे जातं. ॲनाफेज दोनमध्ये तेही तुटतं आणि पेड वेगळे होतात. शुगोशिनचं नाव अकरावीच्या पेपरात येत नाही, पण हे एकदा कळलं की ॲनाफेज एकमध्ये एकपेडी गुणसूत्र दिसताच काहीतरी बिनसलंय हे आपोआप लक्षात येतं.

क्रम लागल्यावर चुकीच्या चित्राकडे वळायचं. छ वर मारलेली फुली आधी काढून टाकू. सिस्टर क्रोमॅटिड तंतोतंत सारखे असतात ते क्रॉसिंग ओव्हर होईपर्यंत. पॅकीटीनमध्ये लाल आणि निळ्या गुणसूत्राच्या एकेका क्रोमॅटिडने टोक बदललं की लाल गुणसूत्राचा एक पेड पूर्ण लाल राहतो आणि दुसरा निळ्या टोकाचा होतो. ते दोघे सिस्टरच, पण आता सारखे नाहीत. ख मध्ये अदलाबदल दाखवली असेल तर छ मध्ये हा फरक दिसायलाच हवा. दिसला नसता तर छ चुकीचं ठरलं असतं. या अदलाबदलीची आणखी दोन कलमं तपासून घ्यावीत. एका जागी क्रॉसिंग ओव्हर झालं की चारपैकी दोनच क्रोमॅटिड बदलतात, आणि दोघांनी दिलेला तुकडा तेवढ्याच लांबीचा असतो. चित्रात चारही पेडांची टोकं रंगलेली असतील, किंवा लालला मोठा तुकडा मिळून निळ्याला छोटा मिळाला असेल, तर एका साध्या अदलाबदलीचं ते चित्र नाही.

आता ग. तिसरी ओळ लिहायला गेलं की चूक उघडी पडते. वर लांब लाल आणि लांब निळं, म्हणजे एकाच जोडीतले दोघे एकाच ध्रुवाकडे. खाली आखूड जोडीतले दोघे एकत्र. संख्या बरोबर, पेड बरोबर, वागणूक चुकीची. ॲनाफेज एकमध्ये प्रत्येक जोडीतलं एकेक गुणसूत्र एकेका ध्रुवाकडे जायला हवं. इथे एका पेशीत दोन लांब गेले आणि आखूड एकही नाही, दुसरीत उलट. दोन्हीकडे दोन-दोन झाल्यामुळे नुसतं मोजणाऱ्याला ते दिसत नाही.

हे पक्कं करायला चित्रं जोडीजोडीने तपासावीत: आधीच्या चित्रातून पुढचं चित्र निघू शकतं का? घ मधून ग निघत नाही, कारण घ मध्ये लांब गुणसूत्रं मध्यरेषेच्या दोन बाजूंना, दोन वेगळ्या ध्रुवांकडे तोंड करून आहेत. ग मधून क निघत नाही, कारण क मध्ये लांब आणि आखूड दोन्ही आहेत. क मधून छ, छ मधून च मात्र सरळ निघतं. मागे आणि पुढे दोन्हीकडे न बसणारं चित्र एकटं ग आहे. क्रम लावण्याची ही रीत जुनी आहे. वॉल्टर फ्लेमिंग यांनी १८८२ मध्ये मायटोसिसचं सविस्तर वर्णन छापलं, तेव्हा त्यांच्यासमोर सॅलॅमँडरच्या अळ्यांच्या रंगवलेल्या पेशी होत्या, प्रत्येक एकेका क्षणी गोठलेली. कोणती आधी, कोणती नंतर, हे त्यांना एका चित्रातून दुसरं कसं निघेल याच विचाराने लावावं लागलं, आणि जिवंत पेशी बघून त्यांनी ते ताडून पाहिलं.

पेपरात कधी कधी पुढची ओळ असते: ‘चुकीचं चित्र दुरुस्त करून काढा.’ इथे घाई करू नये. ग ची दुरुस्ती दोन प्रकारे होऊ शकते. वर लांब लाल आणि आखूड लाल, खाली दोन्ही निळी, हेही नियमाला धरून आहे. वर लांब लाल आणि आखूड निळं, खाली लांब निळं आणि आखूड लाल, हेही. दोन जोड्या एकमेकींवर अवलंबून नसतात, म्हणून दोन्ही शक्य आहेत. पण या प्रश्नात एकच उत्तर बसतं. क मध्ये लांब लालबरोबर आखूड निळं आहे, म्हणून ग मध्येही तीच जोडणी दाखवावी लागेल. शिवाय लांब गुणसूत्रांच्या एकेका पेडाचं बदललेलं टोक विसरायचं नाही. त्या मुलीने दुरुस्त चित्रात सगळं बरोबर काढलं आणि टोकं तेवढी रंगवायची राहिली. परीक्षेत तेवढ्याने गुण जातात.

इथे एक गोष्ट मुलांना सांगायलाच हवी असं मला वाटतं. ग ‘चुकीचं’ आहे ते सामान्य विभाजनाचं चित्र म्हणून. जोडीदार न सुटण्याची घटना प्रत्यक्षात घडते, तिला नॉन-डिसजंक्शन म्हणतात. माणसात एकविसाव्या गुणसूत्राची जोडी अशी न सुटल्याने डाउन सिंड्रोम होऊ शकतो, आणि बारावीच्या आनुवंशिकतेच्या धड्यात हेच चित्र बरोबर उत्तर म्हणून येतं. म्हणून आधी प्रश्नाची ओळ वाचायची. ‘सामान्य मिओसिस’ लिहिलं असेल तर ग चुकीचं. ‘नॉन-डिसजंक्शन दाखवणारं चित्र ओळखा’ असेल तर ग हेच उत्तर. पण काही चित्रं मात्र कुठल्याच प्रश्नात बरोबर ठरू शकत नाहीत. 2n = 4 च्या मायटोसिसमध्ये ॲनाफेजला प्रत्येक ध्रुवाकडे चार दुपेडी गुणसूत्रं जाताना दाखवली असतील, तर ती आठ दुपेडी आली कुठून? मायटोसिसच्या ॲनाफेजमध्ये आठ दिसायलाच हवीत, पण एकपेडी, चार इकडे आणि चार तिकडे. ‘2n = 4 आहे, मग आठ कशी?’ म्हणून बरोबर चित्रावर फुली मारणारी मुलंही दरवर्षी असतात. सेंट्रोमियर दुभंगल्यावर, पेशीचे दोन भाग होईपर्यंत ती आठच असतात.

मोजून, पेड बघून, जोडीदार तपासून सगळं जुळतं आणि तरी चित्र चुकीचं असतं, अशी एक जात उरते. ती भुजांच्या दिशेची. स्पिंडलचे तंतू गुणसूत्राला कायनेटोकोरपाशी, म्हणजे सेंट्रोमियरवरच्या बारीक चकतीपाशी धरतात. ओढ तिथेच लागते, म्हणून सेंट्रोमियर पुढे आणि भुजा मागे, अगदी मधोमध धरून पाण्यातून ओढलेल्या दोरीसारखं. मधे सेंट्रोमियर असलेलं गुणसूत्र ॲनाफेजमध्ये इंग्रजी व्ही सारखं दिसतं, आणि त्या व्हीचं टोक ध्रुवाकडे, उघडं तोंड मध्यरेषेकडे असतं. पेपर काढणारा हे उलटं काढतो, भुजा ध्रुवाकडे आणि टोक मागे. रंग, संख्या, पेड सगळं बरोबर असल्यामुळे नजर त्यावरून सरकते. ॲनाफेजच्या प्रत्येक चित्रात बोट सेंट्रोमियरवर ठेवून ते ध्रुवाच्या सर्वांत जवळ आहे का, एवढं पाहिलं की पुरे. सेंट्रोमियर एका टोकाजवळ असेल तर आकार जे किंवा सरळ काडीसारखा होतो. तिथेही तेच टोक पुढे हवं.

केंद्रकपटलाची चूक ओळखायला सोपी आहे. मेटाफेजमध्ये अखंड पटल दाखवलं असेल तर चित्र चुकीचं. पटल प्रोफेजच्या शेवटी विरतं आणि टेलोफेजमध्ये परत येतं. वनस्पतीची पेशी म्हणून चौकोनी भिंत काढली आणि ध्रुवांवर सेंट्रिओल दाखवले, तर तेही चूक, कारण फुलझाडांच्या पेशींत सेंट्रिओल नसतात. तसंच तिथे पेशी बाहेरून आत चिमटली जात नाही, मधून बाहेर पट्टिका वाढते.

शाळेच्या प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड बघताना ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही, हेही मुलांना सांगते. कांद्यात 2n = 16. शाळेच्या मायक्रोस्कोपखाली सोळा गुणसूत्रं मोजणं आणि पेड बघणं सहसा जमत नाही. तिथे प्रोफेज आणि टेलोफेज यांत गोंधळ होतो, कारण दोन्हींत धागे अस्पष्ट असतात. अशा वेळी शेजार बघावा. टेलोफेजचे दोन लहान गुच्छ एकाच जुन्या पेशीच्या दोन टोकांना समोरासमोर असतात आणि मधे नवी पट्टिका दिसू लागलेली असते. प्रोफेजचा गुच्छ एकटा, मोठा, पेशीच्या मध्यभागी.

कागदावरच्या चित्रातही पद्धतीला एक मर्यादा आहे. चित्र काळं-पांढरं असेल आणि सगळी गुणसूत्रं एकाच लांबीची, एकाच आकाराची काढली असतील, तर जोडीदार कोण हे कळत नाही आणि तिसरी ओळ लिहिता येत नाही. मग ॲनाफेज एक आणि दोन यांतला फरक पेडांवरून सांगता येतो, पण जोडी सुटली की नाही हे सांगता येत नाही. अशा प्रश्नात चूक जोडीत असू शकत नाही असं धरून सरळ पेडांकडे, भुजांच्या दिशेकडे आणि पटलाकडे बघावं.